सात किलोंत दोन आठवडे

नाशिकहून व्हिएतनामला जायचे दोन मार्ग आहेत. समृद्धी महामार्गाने किंवा कसारा घाट उतरून मुंबई गाठायची आणि तिथून थेट हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीचे विमान पकडायचे, हा पहिला. ओझरच्या विमानतळावरून इंडिगोने दिल्लीला जायचे आणि तिथून पुढचे विमान घ्यायचे, हा दुसरा. दुसरा मार्ग सोपा वाटतो, कारण ओझर घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि इंडिगोच्या देशांतर्गत तिकिटात १५ किलोंची चेक-इन बॅग आधीच धरलेली असते. तेवढे सामान घेऊन माणूस निर्धास्त निघतो. दिल्लीत मात्र पुढच्या कंपनीच्या काउंटरवर कळते, की त्या स्वस्त तिकिटात चेक-इन बॅग नाहीच. फक्त हातातले सामान चालेल, तेही सात किलो. उरलेल्या प्रत्येक किलोचे पैसे तिथल्या तिथे भरावे लागतात, आणि तोच दर सगळ्यांत महाग असतो.

दोन्ही तिकिटे एकाच कंपनीची किंवा एकाच बुकिंगमधली असती, तर सहसा असे झाले नसते. वेगवेगळी काढली की प्रत्येक कंपनी फक्त आपला नियम बघते. म्हणून प्रवासात कितीही टप्पे असोत, बॅग भरायची ती सगळ्यांत कडक टप्प्याच्या हिशेबाने. ओझर ते दिल्ली १५ किलो मिळतात, हा आकडा अशा प्रवासात विसरून जायचा.

सध्या महाराष्ट्रातून दोन आठवड्यांसाठी थायलंड, बाली, व्हिएतनामकडे जाणारे बरेच आहेत, आणि या भागातल्या स्वस्त कंपन्यांचा हातच्या सामानाचा आकडा बहुधा सातच असतो. व्हिएतजेटच्या साध्या तिकिटावर सात, एअरएशियाच्या साध्या तिकिटावर सात. पण हे दोन सात आणि आपल्याकडचे सात यांत फरक आहे. इंडिगो सात किलोंच्या बॅगेशिवाय लॅपटॉपची बॅग किंवा पर्स वेगळी नेऊ देते, तीन किलोंपर्यंत. व्हिएतजेट आणि एअरएशियाही मोठ्या बॅगेबरोबर एक छोटी पिशवी नेऊ देतात, पण दोन्ही मिळून वजन सातच्या आत हवे. काउंटरवर बॅग सहा किलो आठशे भरली म्हणून सुटकेचा श्वास टाकावा, तोच खांद्यावरची पर्सही काट्यावर ठेवायला सांगतात. घरी वजन करताना पर्स, कमरेचा पाऊच, कॅमेऱ्याची पिशवी, सगळे एकत्र तोलावे ते एवढ्यासाठी.

बॅगेच्या पैशांची जात समजून घेतली तर पुढचा हिशेब सोपा होतो. चेक-इन बॅग तिकिटाबरोबर विकत घेतली तर स्वस्त पडते. नंतर ऑनलाइन वाढवली तर थोडी महाग, विमानतळाच्या काउंटरवर त्याहून महाग, आणि विमानात चढण्याच्या दारात पकडले गेलात तर सर्वांत महाग. शिवाय हा आकार दर माणशी आणि दर टप्प्याला असतो. आपण जे उदाहरण घेणार आहोत, ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात जाणाऱ्या एका जोडप्याचे आहे. मुंबई ते हनोई, हनोई ते दा नांग, दा नांग ते हो ची मिन्ह सिटी आणि तिथून परत मुंबई. चार उड्डाणे आणि दोन माणसे, म्हणजे आठ वेळा बॅगेचे पैसे. सात किलोंत राहण्याची खटपट करायची ती याच आठ वेळांसाठी. मुंबई ते दिल्ली एवढेच जाणार असाल आणि तिकिटात १५ किलो असतील, तर ते खुशाल वापरा. त्याचे पैसे तुम्ही दिलेलेच आहेत.

सात किलोंतला पहिला वाटेकरी म्हणजे रिकामी बॅग. चार चाकांची, कडक कवचाची केबिन ट्रॉली रिकामीच अडीच ते तीन किलोंची असते. म्हणजे एकही कपडा ठेवण्याआधी जवळजवळ निम्मे वजन संपले. दुकानदार चाके फिरवून दाखवतो, वजन सांगत नाही. ते विचारून घ्यावे, किंवा बॅगेच्या लेबलवर शोधावे. सुमारे चाळीस लिटरची, चाके नसलेली साधी सॅक एक ते सव्वा किलोत मिळते. माझे स्पष्ट मत आहे, की सात किलोंची मर्यादा असेल तिथे ट्रॉली घरीच ठेवावी. अपवाद गुडघे, पाठ किंवा खांदा दुखणाऱ्यांचा. त्यांनी सॅक घेऊन अंग दुखवून घेण्यापेक्षा सरळ बॅगेचे पैसे भरावेत.

मापाचेही बघावे लागते. भारतात हातच्या बॅगेची लांबी, रुंदी आणि जाडी मिळून ११५ सेंटिमीटरच्या आत असावी लागते, ५५, ३५ आणि २५ असे ते माप सांगितले जाते. व्हिएतजेटचे माप ५६, ३६ आणि २३, त्याचीही बेरीज ११५. जाडी मात्र दोन सेंटिमीटरने कमी आहे, आणि नेमकी तीच गच्च भरलेल्या सॅकची वाढते. मोजताना चाके आणि मूठही धरायची असते. बॅगेला फुगवायची जादा चेन असेल तर ती उघडू नये, तेवढ्यानेही माप हुकते.

आता वजनाचा जमाखर्च. नवऱ्याच्या अंगावर निघताना लांब पँट, शर्ट, बूट आणि फ्लीसचे जॅकेट आहे. अंगावरच्या कपड्यांचे वजन कोणी करत नाही, म्हणून सगळ्यांत जड बूट आणि सगळ्यांत जाड कपडा नेहमी अंगावर घालावा. जीन्स मात्र नको. ती सहाशे ते आठशे ग्रॅमची असते, दमट हवेत वाळत नाही, आणि तिच्या जागी तीनशे ग्रॅमची पातळ सुटसुटीत पँट तेच काम करते. त्याच्या बॅगेत चार टी-शर्ट किंवा शर्ट सहाशे ग्रॅम, दुसरी पँट तीनशे, हाफ पँट दोनशे, अंतर्वस्त्रे आणि मोजे चारशे, पावसाचे पातळ जॅकेट अडीचशे, चपला अडीचशे. टॉवेल नाही, त्याच्याऐवजी पंचा, दीडशे ग्रॅम. टर्किश टॉवेल पाचशे ग्रॅमच्या पुढे जातो आणि एकदा भिजला की दिवसभर ओला राहतो. पंचा तासा-दोन तासांत वाळतो आणि गळ्याभोवती गुंडाळताही येतो. हे सगळे मिळून दोन किलो दीडशे ग्रॅम झाले. त्यात सॅकचे एक किलो शंभर, आंघोळीचे आणि दाढीचे सामान चारशे, दोघांची औषधे अडीचशे, चार्जर, प्लग आणि छोटी पॉवर बँक मिळून पाचशे, कागदपत्रे दीडशे आणि खाऊ सहाशे मिळवले, की बेरीज येते पाच किलो दीडशे ग्रॅम.

बायकोची सॅक एक किलोची. तीन कुर्ते सहाशे ग्रॅम, दोन पायजमे किंवा लेगिंग चारशे, एक चांगला ड्रेस चारशे, अंतर्वस्त्रे साडेचारशे, रात्रीचे कपडे अडीचशे, पावसाचे जॅकेट अडीचशे, पंचा दीडशे, चपला अडीचशे, आंघोळीचे आणि केसांचे सामान साडेचारशे, आतल्या वस्तूंसह पर्स सहाशे, खाऊ सहाशे. एकूण पाच किलो चारशे. दोघेही सातच्या बऱ्याच आत आहेत, आणि ही मोकळी जागा मुद्दाम सोडलेली आहे. घरातून निघतानाच सहा किलो नऊशे भरलेली बॅग परतीच्या दिवशी हमखास सातच्या वर जाते. एक भिजलेले जॅकेट किंवा कॉफीचे एक पाकीट त्याला पुरेसे होते.

चौदा दिवसांना पाच जोड कसे पुरणार, हा प्रश्न घरात निघतोच. ते पुरतात, कारण मध्ये तीन-चार वेळा धुणे होणार आहे, आणि ते कुठे, कसे करायचे हे निघण्याआधी ठरवलेले आहे. या प्रवासातली सगळ्यांत मोठी फसगत इथेच होते. आपल्याला नाशिकच्या हवेची सवय असते. इथे मार्चमध्ये रात्री दोरीवर टाकलेला सुती सदरा सकाळी खडखडीत वाळतो. हनोईत त्याच महिन्यात बारीक पाऊस भुरभुरत असतो आणि हवेत इतका ओलावा असतो, की फरशीला आणि भिंतींना पाणी सुटते. तिथे खोलीत वाळत घातलेला सुती कपडा दुसऱ्या दिवशीही दमट राहतो आणि त्याला कुबट वास येतो. म्हणून हनोईत हाताने धुवायचे नाही. गल्लोगल्ली किलोवर कपडे धुऊन देणारी दुकाने असतात, हॉटेलेही हे काम करून देतात. सकाळी दिलेले कपडे बहुधा संध्याकाळपर्यंत मिळतात, तरी देताना यंत्रात वाळवून देणार का आणि दर किलोवर आहे की नगावर, एवढे विचारून घ्यावे. सांगायचे कारण हे, की हॉटेलच्या यादीत कधी कधी नगावर दर लावलेला असतो आणि तो किलोच्या दराच्या कितीतरी पट पडतो. बाहेरच्या दुकानात दोघांचे तीन-साडेतीन किलो कपडे धुऊन घेतले, तरी तो खर्च विमानातल्या एका बॅगेच्या खर्चापुढे फार थोडा असतो.

दक्षिणेत हो ची मिन्ह सिटीला त्याच दिवसांत कोरडा हंगाम असतो आणि दुपारी तापमान तेहतीस-चौतीस अंशांवर जाते. तिथे रात्री बेसिनमध्ये धुतलेले कपडे सकाळी घालता येतात, पण कापड बघून. पॉलिएस्टर किंवा मिश्र धाग्याचा टी-शर्ट चार-पाच तासांत वाळतो, जाड सुती त्याच्या दुप्पट वेळ घेतो. धुतलेला कपडा आधी हाताने पिळायचा, मग कोरड्या पंच्यावर पसरून दोन्ही एकत्र घट्ट गुंडाळायचे आणि त्या गुंडाळीवर गुडघ्याने दाब द्यायचा. पंचा बरेचसे पाणी ओढून घेतो आणि वाळायचा वेळ निम्म्यावर येतो. अंतर्वस्त्रे आणि मोजे रोज असे धुतले तर चार जोडांत दोन आठवडे सहज निघतात.

हवेतल्या या फरकामुळेच कपड्यांची निवडही ठरते. हनोईत सकाळी पंधरा-अठरा अंश आणि ओलसर, दक्षिणेत ऐन उन्हाळा. दोन्हींसाठी वेगळे कपडे घेतले तर सात किलो पुरणार नाहीत. टी-शर्ट, त्यावर फ्लीस आणि त्यावर पावसाचे जॅकेट असे थर घातले की हनोई निभते. दक्षिणेत वरचे दोन्ही थर काढून ठेवायचे. डिसेंबर-जानेवारीत व्हिएतनाममधल्या सा पा या डोंगरी गावात जाणार असाल तर मात्र हा हिशेब अपुरा पडतो. तिथे कडाक्याची थंडी असते आणि जाड कपडे लागतात. ते तिथेच भाड्याने किंवा विकत घ्यावेत, नाहीतर बॅगेचे पैसे भरावेत. परदेशातल्या नातेवाइकांच्या लग्नाला जाणाऱ्यांनाही सात किलोंचा आग्रह धरू नये असेच मी सांगेन. पैठणी आणि सफारी सूट या हिशेबात बसत नाहीत.

बॅग चेक-इन करायची नाही म्हटल्यावर सुरक्षा तपासणीतून सगळेच सामान आपल्याबरोबर जाणार, आणि तिथले नियम वेगळे आहेत. आंतरराष्ट्रीय उड्डाणात कुठलाही द्रव किंवा लोण्यासारखा पदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटलीतच चालतो, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसल्या पाहिजेत. इथे बाटलीवर छापलेला आकडा बघतात. दोनशे मिलिलिटरच्या तेलाच्या बाटलीत तळाशी चार चमचे तेल उरले असले, तरी ती काढून घेतात. यावर उत्तम उपाय म्हणजे शक्य तितके सामान कोरडे न्यायचे. साबणाची वडी, वडीचाच शाम्पू, टूथपेस्टऐवजी दंतमंजन. वजनही कमी आणि सांडायची भीतीही नाही. डॉक्टरांनी दिलेल्या औषधांना या मर्यादेत सवलत असते, पण त्यासाठी चिठ्ठी जवळ हवी.

खाऊच्या बाबतीत आपली घरे हमखास अडकतात. लोणचे, तूप, ओली चटणी हे सगळे त्या शंभर मिलिलिटरच्या नियमात येते. कोरडे मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची कोरडी चटणी, उपम्याची पाकिटे, चहाची पूड चालते. नाशिकचा चिवडा वजनाला हलका, पण जागा फार खातो. त्याची मोठी पिशवी नेण्यापेक्षा घरी लहान पुड्या बांधून त्या कपड्यांमधल्या पोकळीत बसवाव्यात. नारळ मात्र अजिबात नको. सुक्या खोबऱ्यात तेलाचा अंश इतका असतो, की विमानवाहतुकीत ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंमध्ये धरले जाते, त्यामुळे खोबऱ्याची वाटी हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ हातात नेता यावा म्हणून २०२४च्या ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोला खास तात्पुरती सवलत काढावी लागली होती. सुरी, अडकित्ता, टोकदार कात्री, काडेपेटी आणि लायटर घरीच ठेवावेत. नाशिकच्या वाइनची बाटली कोणाला भेट द्यायची असेल तर तीही हातातल्या बॅगेतून जाणार नाही.

पॉवर बँकेचे याच्या उलट आहे. ती फक्त हातातल्या सामानातच न्यायची असते, चेक-इनमध्ये टाकायला बंदी आहे. १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक परवानगीशिवाय चालते. बाजारातली १०,००० एमएएचची सुमारे ३७ वॅट-अवरची असते आणि २०,००० एमएएचची सुमारे ७४, म्हणजे दोन्ही मर्यादेत बसतात. वजनासाठी मात्र लहान घ्यावी. मोठीचे वजन जवळपास दुप्पट होते. विमान भरलेले असेल तर कधी कधी दारातच हातातली बॅग घेऊन ती खाली सामानात टाकतात. असे झाले तर बॅग देण्याआधी पॉवर बँक, औषधे, पासपोर्ट आणि पैसे काढून घ्यायचे. हे सगळे आधीच एका कापडी पिशवीत घालून बॅगेच्या तोंडाशी ठेवले असेल तर पाच सेकंदांत निघते.

बॅग केव्हा तोलतात, हेही माहीत असावे. आंतरराष्ट्रीय प्रवासात बोर्डिंग पास मोबाइलवर आला, तरी व्हिसा तपासून घ्यायला बहुधा काउंटरवर जावेच लागते, आणि काटा तिथेच असतो. म्हणून वजन घरी, निघण्याच्या आदल्या दिवशी करावे. हुकचा इलेक्ट्रॉनिक काटा थोडक्या पैशांत मिळतो. तो बरोबर दाखवतो का हे बघायला गव्हाच्या पिठाचे पाच किलोंचे सीलबंद पाकीट पिशवीत घालून टांगावे. ते पाच किलो दोनशे दाखवत असेल तर काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो हे कळले. माणसाच्या वजनाच्या काट्यावर आधी एकटे आणि मग बॅग घेऊन उभे राहायची युक्ती पुष्कळ जण करतात, पण त्या काट्यात अर्ध्या किलोचा फरक सहज पडतो. एवढ्याच फरकावर काउंटरवर पैसे जातात.

शेवटी परतीचे. हनोईत कॉफी, दा नांगजवळच्या होई आनमध्ये एक-दोन दिवसांत मापाने शिवून मिळणारे कपडे आणि रेशीम, ही खरेदी होणारच. आपल्या जोडप्याकडे निघताना दोघांची मिळून साडेतीन किलोंच्या आसपास मोकळीक होती, आणि खाऊ संपल्यावर आणखी एक किलो दोनशे ग्रॅम मोकळे झाले. साधारण साडेचार किलोंची खरेदी एक पैसा जास्त न देता घरी येते. खरेदी त्याहून मोठी झाली तर ओढाताण करू नये. हो ची मिन्ह सिटी ते मुंबई या एकाच टप्प्यासाठी, दोघांत मिळून एकच चेक-इन बॅग आदल्या दिवशी ऑनलाइन घ्यावी. उड्डाणाच्या काही तास आधी ही सोय बंद होते आणि मग काउंटरचा दर लागू होतो. बाजारात दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारी पातळ कापडी पिशवी त्यासाठी पुरते. आठ वेळांच्या जागी एकदाच पैसे गेले, आणि जाताना ते कुठल्याच टप्प्यावर गेले नाहीत.